या चुका टाळा: हिरो अ‍ॅसेटच्या यूडिम टाइल्स गेम इंजिनमध्ये नेताना

नॅरोगेजचं एक छोटं वाफेचं इंजिन, माथेरानच्या गाडीसारखं, आम्ही एका प्रोजेक्टसाठी बनवत होतो. कथेतला बराच भाग ड्रायव्हरच्या कॅबमध्ये घडणार होता. त्यामुळे प्रेशर गेज, लिव्हर, भट्टीचं दार, पितळी नळ हे सगळं कॅमेऱ्याच्या अगदी नाकासमोर येणार होतं. मी यूडिम पद्धतीने, म्हणजे मॉडेलचं टेक्स्चर अनेक चौकोनी टाइलमध्ये वाटून, सगळ्या इंजिनाला आठ टाइल दिल्या, 1001 ते 1008, प्रत्येक 4096 पिक्सेलची. कॅबमधले गेज आले 1007 मध्ये. सबस्टन्स पेंटरमध्ये गेजवरचे आकडे सुईसारखे रेखीव दिसत होते. अनरियलमध्ये नेलं आणि तबकडीवरचा 8 एका बाजूला फुगला, 6 चपटा झाला, तबकडीची काळी कड कुठे जाड तर कुठे पातळ.

लाइटिंग करणारी सहकारी म्हणाली, "ताई, टेक्स्चर लो-रेझ आलंय का बघ." टेक्स्चर पूर्ण 4096 चं होतं. मी ते दोनदा एक्सपोर्ट केलं, कॉम्प्रेशन बंद करून पाहिलं, नॉर्मल मॅप काढून पाहिला. दीड दिवस गेला. चूक टेक्स्चरमध्ये नव्हतीच, यूव्हीच्या, म्हणजे मेशचा बिंदू टेक्स्चरवर कुठे बसतो ते सांगणाऱ्या u आणि v या आकड्यांत होती. यूडिमच्या निम्म्या तक्रारी अशाच असतात: डोळ्यांना टेक्स्चर बिघडलेलं दिसतं आणि बिघाड असतो यूव्हीत. म्हणून आधी तीच चूक सविस्तर सांगते.

टाइलचा नंबर म्हणजे काय, एवढं पक्कं असू द्या

यूडिम ही पद्धत चित्रपटांच्या कामातून आली. न्यूझीलंडच्या वेटा डिजिटलमध्ये ती रुजली, त्यांच्याच मारी या पेंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पसरली, आणि 2010 मध्ये फाउंड्रीने मारी बाजारात आणल्यावर सगळीकडे गेली. चित्रपटातली फ्रेम रेंडर व्हायला तासभर लागला तरी चालतो. गेम इंजिनला तेच काम सेकंदाला साठ वेळा करायचं असतं. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ या फरकात आहे.

नंबराचा हिशेब सोपा आहे:

```
UDIM = 1001 + floor(u) + 10 * floor(v)
```

आडव्या ओळीत दहाच टाइल बसतात, 1001 ते 1010. त्यानंतरची 1011 ही 1010 च्या शेजारी नाही, ती 1001 च्या डोक्यावर आहे. नंबर सलग आहेत म्हणून टाइलही सलग असतील असं धरून कोणी आयलंड, म्हणजे यूव्हीचा एक सुटा तुकडा, 1010 च्या उजव्या कडेबाहेर सरकवला, तर तो कुठल्याच टाइलमध्ये नसतो.

या सूत्रातली महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. टाइलचा नंबर कुठेही वेगळा साठवलेला नसतो. 1007 मधल्या बिंदूचा u हा 6 आणि 7 च्या मध्ये असतो, एवढीच त्याची ओळख. म्हणजे टाइल जितकी उजवीकडे, तितका यूव्हीचा आकडा मोठा. आणि आकडा मोठा झाला की गडबड सुरू होते.

पहिली चूक: यूव्ही अर्ध्या अचूकतेवर राहू देणं

अनरियल मेशचे यूव्ही मुळात 16 बिटांत साठवतं. मेमरी वाचते, आणि यूव्ही 0 ते 1 मध्ये असतील तर सहसा काही जाणवतही नाही. पण 16 बिटांच्या दशांश संख्येत अचूकतेसाठी दहाच बिट मिळतात. त्यामुळे आकडा दुप्पट झाला की दोन शेजारच्या शक्य किमतींमधलं अंतरही दुप्पट होतं. 0.5 ते 1 मध्ये ते अंतर 1/2048 असतं, 1 ते 2 मध्ये 1/1024, 2 ते 4 मध्ये 1/512, आणि 4 ते 8 मध्ये 1/256.

हे 4096 च्या टेक्स्चरवर पिक्सेलमध्ये मांडून बघा. 1001 मध्ये व्हर्टेक्स फार तर दोन पिक्सेलांच्या जाळीवर बसतो. 1002 मध्ये जाळी चार पिक्सेलांची होते, 1003 आणि 1004 मध्ये आठ, 1005 ते 1008 मध्ये सोळा. 1009 आणि 1010 मध्ये बत्तीस. माझा गेज 1007 मध्ये होता आणि त्याचा व्यास टेक्स्चरवर साधारण 400 पिक्सेल होता. म्हणजे तबकडीच्या कडेवरचा प्रत्येक व्हर्टेक्स आडवा सरकून सोळा पिक्सेलांच्या जवळच्या खुंटीवर जाऊन बसला होता. कोणी आठ पिक्सेल डावीकडे, कोणी पाच उजवीकडे. कड जाड-पातळ का झाली आणि 8 का फुगला, ते इथे कळतं.

विश्वास बसत नसेल तर पायथनमध्ये करून पाहा:

```python
import numpy as np
for u in (0.7017, 1.7017, 3.7017, 6.7017):
    h = float(np.float16(u))
    print(u, round((h - u) * 4096, 1))
```

उत्तरं येतात -0.2, 1.8, -2.2 आणि 5.8 पिक्सेल. बिंदू टाइलमध्ये त्याच जागी आहे, फक्त टाइल बदलली.

हा दोष ओळखायची खूण अशी. बिघाड फक्त आडव्या दिशेत दिसतो, उभ्या दिशेत रेषा सरळ राहतात. नंबर वाढेल तसा तो वाढतो, त्यामुळे बॉयलर 1001 मध्ये आणि चाकं 1002 मध्ये असतील तर तिथे सगळं ठीक वाटतं आणि संशय त्या एकट्या गेजवर जातो. कॅमेरा हलवला तरी तो बदलत नाही, जवळ-लांब गेलं तरी बदलत नाही, थांबून वाट पाहिली तरी सुधारत नाही. टेक्स्चर नीट लोड न झाल्याचा दोष असा स्थिर सहसा नसतो. पटकन खात्री करायची असेल तर मटेरिअलमध्ये टेक्स्चरऐवजी बारीक चौकटींचा चेकर लावा. चौकटी एका दिशेत लहान-मोठ्या दिसल्या की टेक्स्चर निर्दोष ठरलं.

उपाय एका टिकचा आहे. मेश उघडा, एलओडीच्या `Build Settings` मध्ये `Use Full Precision UVs` टिक करा, बदल लागू करा. स्टॅटिक आणि स्केलेटल दोन्ही मेशमध्ये ही सोय आहे. प्रत्येक एलओडीची सेटिंग स्वतंत्र असते, हे मात्र विसरू नका. पहिल्या एलओडीत टिक केली आणि दुसरा तसाच राहिला, तर कॅमेरा मागे जाताना एका क्षणी आकडे हलल्यासारखे वाटतात. किंमत म्हणाल तर दर व्हर्टेक्समागे दर यूव्ही चॅनेलला चार बाइट जास्त. साठ हजार व्हर्टेक्सच्या मेशला हे 240 केबी होतात. हिरो अ‍ॅसेटसाठी यावर विचार करायचीही गरज नाही.

युनिटी वापरणाऱ्यांसाठी याचाच एक जास्त फसवा अवतार आहे. तिथे मेश इंपोर्ट होताना यूव्ही पूर्ण अचूकतेत येतात आणि एडिटरमध्ये सगळं छान दिसतं. पण प्लेअर सेटिंग्जमधल्या `Vertex Compression` मध्ये `Tex Coord 0` वर टिक असेल, तर बिल्ड करताना ते 16 बिटांत उतरतात. एडिटरमध्ये गेज गोल आणि बिल्डमध्ये वाकडा, असं झालं की आधी इथे पाहा.

दुसरी चूक: सगळ्या टाइल एकाच ओळीत मांडणं

सवय अशी असते की 1001, 1002, 1003 असं उजवीकडे जात राहायचं. पेंटिंगच्या सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही. इंजिनला पडतो, आणि तो वरच्या हिशेबातूनच निघतो.

अनरियल मेश घेताना उभी दिशा उलटी करतं, म्हणजे v च्या जागी 1 - v ठेवतं. पहिल्या ओळीतला v 0 ते 1 मध्येच राहतो. दुसऱ्या ओळीतला, म्हणजे 1011 पासूनचा, 1 ते 2 ऐवजी -1 ते 0 होतो. चिन्ह बदललं, पण आकड्याचा मोठेपणा एकच्या आतच राहिला. म्हणजे 16 बिटांच्या यूव्हीतसुद्धा दुसरी ओळ उभ्या दिशेत पहिलीइतकीच अचूक पडते. चार टाइल हव्या असतील तर 1001 ते 1004 अशा ओळीपेक्षा 1001, 1002, 1011, 1012 असा चौकोन केव्हाही बरा. ओळीत शेवटच्या दोन टाइलना आठ पिक्सेलांची जाळी मिळते, चौकोनात कोणालाच चारपेक्षा मोठी मिळत नाही. पूर्ण अचूकतेची टिक विसरली तरी नुकसान कमी होतं, आणि टिक विसरली जातेच, कारण मेश नव्याने इंपोर्ट करणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

या उलट्या दिशेमुळे कोणी घाबरून मॅक्स-मायामध्येच v उलटा करून पाठवतं. तसं करू नका. अनरियलचं यूडिम टेक्स्चर बांधताना टाइलची उभी मांडणीसुद्धा त्याच हिशेबाने फिरवली जाते, त्यामुळे मेश आणि टेक्स्चर एकमेकांना जुळतात. हाताने आणखी एकदा उलटं केलं की दुसऱ्या ओळीतला माल पहिल्या ओळीत दिसू लागतो, शिवाय तो डोक्यावर उभा.

चौकोनी मांडणीचा दुसराही फायदा आहे. अनरियल सगळ्या टाइलना मिळून एक मोठं आभासी टेक्स्चर समजतं, आणि त्या टेक्स्चरचा आकार टाइलना सामावणाऱ्या आयताएवढा असतो. मध्ये रिकाम्या जागा सोडल्या, म्हणजे समजा 1001, 1004 आणि 1033 एवढ्याच वापरल्या, तरी जागा पूर्ण आयताची धरली जाते. कॅरॅक्टरसाठी एक ओळ, कपड्यांसाठी दुसरी, सामानासाठी तिसरी अशी मांडणी चित्रपटाच्या पाइपलाइनमध्ये चांगली असते. इंजिनमध्ये नेताना टाइल जवळ-जवळ आणा.

तिसरी चूक: नाव आणि इंपोर्ट

अनरियलमध्ये यूडिम चालतात ते व्हर्च्युअल टेक्स्चरच्या जोरावर. ही सोय 2019 मध्ये, 4.23 आवृत्तीत आली. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या रेंडरिंग विभागात `Enable virtual texture support` चालू नसेल तर पुढचं काहीच होणार नाही. मोबाइलसाठी वेगळी टिक आहे.

फाइलच्या नावात चार आकडी नंबर अगदी शेवटी, एक्स्टेंशनच्या आधी, टिंब किंवा अंडरस्कोअर देऊन हवा. `loco_BaseColor.1001.png` चालतं. `loco.1001.BaseColor.png` चालत नाही, तिथे आठ सुटी टेक्स्चर मिळतात. पेंटरमध्ये एक्सपोर्टच्या नावाचा साचा असा ठेवा:

```
$textureSet_BaseColor(.$udim)
```

इंपोर्ट करताना एकच फाइल निवडा, बाकीच्या फोल्डरमधून इंजिन स्वतः गोळा करतं. ही सोय आहे आणि सापळाही. मागच्या आठवड्यातली `loco_BaseColor.1009.png` फोल्डरमध्ये पडून असेल तर तीसुद्धा आत ओढली जाते, आणि आयत उगाच लांबतो. म्हणून यूडिमच्या एक्सपोर्टसाठी मी फोल्डर आधी रिकामं करते, मगच एक्सपोर्टचं बटण दाबते. टाइलची संख्या बदलली असेल तर जुनं टेक्स्चर तसंच ठेवून त्यावर भरवसा न ठेवता नव्याने आणते आणि टेक्स्चर एडिटरमध्ये एकूण आकार वाचून खात्री करते. 4096 च्या चार टाइलचा चौकोन 8192 x 8192 दिसायला हवा.

मग मटेरिअल. व्हर्च्युअल टेक्स्चरचा सॅम्पलरही वेगळ्या जातीचा असतो: रंगासाठी `Virtual Color`, नॉर्मलसाठी `Virtual Normal`, मास्कसाठी `Virtual Masks`. मास्कच्या टेक्स्चरवरची `sRGB` ची टिक काढलेली हवी, नाहीतर सॅम्पलर जुळत नाही अशी लाल चूक येते, किंवा कोणी घाईत सॅम्पलर बदलून ती लपवतं आणि रफनेस सगळीकडे चुकीचा लागतो. आणखी एक: मूळ मटेरिअलमधला पॅरामीटर साध्या टेक्स्चरचा असेल तर इन्स्टन्समध्ये त्या जागी व्हर्च्युअल टेक्स्चर बसत नाही. स्टुडिओचं एकच मास्टर मटेरिअल सगळीकडे वापरायची पद्धत असेल, तर यूडिमसाठी त्याची वेगळी आवृत्ती पहिल्याच दिवशी करून घ्या.

चौथी चूक: प्रत्येक धूसरपणाला एकच रोग समजणं

आठ टाइल, प्रत्येकी रंग, नॉर्मल आणि मास्क अशी तीन टेक्स्चर. साध्या पद्धतीने लोड केली तर किती मेमरी? 4096 चं बीसी5 नॉर्मल 16 एमबी, मिपमॅप धरून 21.3. बीसी1 मधले रंग आणि मास्क प्रत्येकी त्याच्या निम्मे. एका टाइलचे 42.7 एमबी झाले, आठांचे सुमारे 341. एका वाफेच्या इंजिनासाठी.

व्हर्च्युअल टेक्स्चर हा बोजा वेगळ्या तऱ्हेने उचलतं. सगळ्या टेक्स्चरचे 128 पिक्सेलांचे चौकोनी तुकडे, म्हणजे पेजेस, केलेले असतात. 4096 च्या एका टाइलचे मूळ पातळीवर 1024. पडद्यावर या क्षणी ज्यांची गरज आहे तेवढीच पेजेस मेमरीतल्या एका राखीव साठ्यात आणली जातात. 3840 x 2160 चा पडदा एकास एक झाकायला 128 च्या चौकोनाची साधारण 506 पेजेस पुरतात. प्रत्यक्षात कडेची अर्धवट पेजेस, वेगवेगळ्या अंतरांच्या मिप पातळ्या आणि तीन थर धरून याच्या कित्येक पट लागतात, पण टाइल आठ आहेत की ऐंशी याने त्या संख्येत फार फरक पडत नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. कुठलं पेज हवं हे इंजिनला फ्रेम काढल्यावर कळतं. मग ते डिस्कवरून वाचायचं, उलगडायचं, चढवायचं. तोवर त्या जागी खालच्या पातळीचं धूसर पेज दिसतं. बाहेरच्या शॉटवरून थेट गेजच्या क्लोजअपवर कट केला की पहिल्या काही फ्रेममध्ये आकडे पुसट दिसतात आणि मग खटकन स्पष्ट होतात.

म्हणून धूसर दिसलं की आधी घड्याळ बघा. क्षणभरात निवळलं तर तो उशीर आहे. सिनेमॅटिक रेंडर काढत असाल तर मूव्ही रेंडर क्यूच्या अँटी-अलायझिंग सेटिंगमध्ये वॉर्म-अपच्या फ्रेम द्या. खेळताना होत असेल तर `r.VT.MaxUploadsPerFrame` वाढवून पाहता येतं, पण त्याचा भार त्याच फ्रेमवर पडतो. मला जास्त आवडतो तो उपाय म्हणजे दिग्दर्शकाशी बोलणं: कट ऐवजी कॅमेरा अर्धा सेकंद सरकत गेजवर आला की प्रश्नच उरत नाही.

कितीही थांबलं तरी निवळलं नाही, तर साठा भरलेला असण्याची शक्यता मोठी. कन्सोलमध्ये हे टाका:

```
r.VT.Residency.Show 1
```

साठा किती भरला आहे ते पडद्यावर दिसतं. तो काठोकाठ असेल तर इंजिन सगळ्यांचाच तपशील कमी करून वेळ मारून नेतं, आणि धूसर होतं तुमचं गेज, जरी जागा खाल्ली असेल मागच्या डोंगराच्या टेक्स्चरने. साठ्याचा आकार प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वाढवता येतो. टेक्स्चरच्या प्रत्येक फॉरमॅटचा साठा वेगळा असतो, त्यामुळे रंग स्पष्ट आणि नॉर्मल मात्र गुळगुळीत असंही घडतं. तेव्हा बीसी5 चा साठा पाहा.

आणि थांबूनही निवळत नाही, साठाही रिकामा आहे, बिघाड एकाच दिशेत आहे? मग पहिल्या चुकीकडे परत जा.

पाचवी चूक: कडेला चिकटलेले आयलंड

दोन टाइलवर पसरलेला आयलंड पेंटर स्वीकारत नाही, लॉगमध्ये कुरकुर करतो. ती सूचना लोक वाचत नाहीत. त्याहून जास्त त्रास देतो तो कडेला अगदी टेकलेला आयलंड. टेक्स्चर वाचताना शेजारचे पिक्सेल मिसळले जातात, आणि 1001 च्या उजव्या कडेचा शेजारी 1002 ची डावी कड असते. पितळी नळाच्या सीमवर हिरव्या रंगाची केसाएवढी रेघ दिसली तर शेजारच्या टाइलमधली बाहेरची हिरवी बॉडी तिथे झिरपते आहे असं समजा.

कडेपासून किमान 16 पिक्सेल सोडा. मिपच्या दर पातळीला हे अंतर निम्मं होतं, म्हणजे चार पातळ्यांपर्यंत निदान एक पिक्सेल तरी उरतो. तेवढ्या लांबून सीम कोणाला दिसत नाही. इथेही 16 बिटांचं भूत आडवं येतं: 6.999 हा आकडा 1007 मध्ये आहे, पण अर्ध्या अचूकतेत तो नेमका 7.0 होतो, म्हणजे 1008 च्या उंबरठ्यावर.

युनिटी, गोडो आणि बाकीचे

या इंजिनांना यूडिम म्हणजे काय हे मुळात ठाऊक नाही. दोन वाटा आहेत.

सरळ वाट म्हणजे दर टाइलला वेगळं मटेरिअल. टेक्स्चरचा रॅप मोड `Repeat` ठेवला की यूव्ही हलवायचीही गरज नसते, 6.3 आपोआप 0.3 सारखा वाचला जातो. `Clamp` ठेवलात तर 1001 सोडून सगळ्या टाइलवर कडेच्या पिक्सेलचे लांबच लांब पट्टे दिसतील. हा दोष अगदी सहज ओळखू येतो. किंमत म्हणजे आठ मटेरिअल, आठ ड्रॉ कॉल, आणि तेही सावलीच्या प्रत्येक पासमध्ये पुन्हा. एका हिरो अ‍ॅसेटला हे परवडतं. स्टेशनवर तशी सहा इंजिनं उभी केली की परवडत नाही.

दुसरी वाट टेक्स्चर अ‍ॅरेची. टाइल एकावर एक रचायच्या आणि शेडरमध्ये यूव्हीवरून थर काढायचा:

```hlsl
float2 t = floor(uv);
float slice = t.x + t.y * 2.0; // 2 x 2
float4 c = _Base.Sample(sampler_Base, float3(uv, slice));
```

इथे `frac(uv)` लिहायचा मोह आवरा. `frac` कडेपाशी एकदम उडी मारतो, शेजारच्या पिक्सेलमधला फरक हार्डवेअरला प्रचंड वाटतो, आणि ते सर्वांत धूसर मिप उचलतं. सीमवर ठिपके दिसतात. मूळ यूव्हीच द्या, गुंडाळायचं काम `Repeat` करतो. अ‍ॅरेतल्या सगळ्या थरांचा आकार आणि फॉरमॅट एकच असावा लागतो, म्हणून 2048 ची टाइल त्यात मिसळता येत नाही.

आठ टाइल लागतातच का?

हा प्रश्न मी शेवटी विचारला, विचारायला हवा होता पहिला. कॅबमधल्या सर्वांत जवळच्या शॉटमध्ये 2160 पिक्सेल उंचीच्या पडद्यावर 60 सेंटीमीटर एवढा भाग दिसत होता. म्हणजे सेंटीमीटरला 36 पिक्सेल. त्या घनतेला 4096 ची एक टाइल साधारण 114 सेंटीमीटर बाजूचा चौकोन झाकते. सगळे गेज, लिव्हर आणि नळ त्यात आरामात मावतात. 11 सेंटीमीटरच्या गेजला 400 पिक्सेल मिळतात, म्हणजे पडद्यावर दिसेल तेवढेच.

बॉयलरच्या कॅमेरा अडीच मीटरपेक्षा जवळ कधी जात नव्हता, तिथे सेंटीमीटरला 12 पिक्सेल पुरले. त्या घनतेला एक टाइल 3.4 मीटरचा चौकोन झाकते. नॅरोगेजच्या बॉयलरला आणि बाहेरच्या पत्र्याला, दोन्ही बाजू आरशासारख्या एकावर एक ठेवून, तेवढी जागा झाली. फक्त नंबराची पाटी वेगळी काढली, नाहीतर दुसऱ्या बाजूला आकडे उलटे आले असते. चाकं आणि खालचा सांगाडा नेहमी अर्धा सावलीत, त्याला 2048 दिलं. अनरियलच्या यूडिममध्ये एखादी टाइल लहान असली तरी चालते, बाजूंचं प्रमाण तेवढं सारखं हवं.

मांडणी अशी झाली: 1001 मध्ये गेज आणि लिव्हर, 1002 मध्ये कॅबच्या भिंती आणि भट्टीचं दार, 1011 मध्ये बॉयलर आणि पत्रा, 1012 मध्ये चाकं. सर्वांत नाजूक माल मुद्दाम 1001 मध्ये ठेवला, जिथे 16 बिटांतही व्हर्टेक्स दोन पिक्सेलांपलीकडे हलत नाही. साध्या टेक्स्चरच्या हिशेबाने 341 एमबीचे सुमारे 139 झाले. आठवडाभराने कोणीतरी मेश नव्याने इंपोर्ट केला, `Use Full Precision UVs` ची टिक उडाली, आणि गेजवरचा 8 तरीही सरळच उभा होता.